एकटीने घरी माप घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न: छाती, कंबर, सीट आणि तो किचकट शोल्डर

शिवणाच्या क्लासला येणाऱ्या मुली, सोसायटीतल्या काकू आणि ऑनलाइन बघून पहिल्यांदाच मशीनवर बसलेल्या मैत्रिणी, सगळ्या फिरून फिरून तेच तेच विचारतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकाच जागी लिहून ठेवते. डोळ्यासमोर साधी सुती कुर्ती धरलीय, कारण घरी शिवायला बहुतेक जणी तिथूनच सुरू करतात. ब्लाउजचं जिथे वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

मोजायला बसण्याआधी काय काय जवळ ठेवू?

इंची टेप, पातळ इलास्टिकचा तुकडा (पाव इंच रुंदीचा पुरतो, कंबरेला गाठ बसेल एवढा लांब), गळ्याच्या बुडाशी बसेल अशी बारीक आखूड साखळी किंवा साधा दोरा, टिकल्यांचं पाकीट, उभा मोठा आरसा आणि टायमर लावता येईल असा फोन. सोबत वही-पेन, कारण आकडा डोक्यात ठेवते म्हणणारी पुढच्या मापापर्यंत तो विसरलेली असते.

टेप मात्र आधी तपासून घ्या. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबतो, टोकाची पत्री सैल होते आणि मग पहिला इंच इंचाचा राहत नाही. पोराच्या दप्तरातली फूटभर लांब स्टीलची पट्टी घ्या, टेपचे पहिले १२ इंच तिच्याशी जुळवा, मग मधले कुठलेही १२ इंच जुळवा. दोन्हीकडे बरोबर बसलं तर टेप चांगला. एक सूत जरी सरकलं, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तरी फेका तो आणि आपल्या नागपुरात इतवारीत किंवा सीताबर्डीला शिलाईच्या सामानाच्या दुकानातून फायबरचा नवीन घ्या, फार पैसे लागत नाहीत.

इंचात मोजू की सेंटीमीटरमध्ये?

ज्याच्यावरून शिवणार आहात त्यात. आपल्याकडचे टेलर आणि क्लासवाले सगळे इंच-सुतातच बोलतात, विकत घेतलेला पॅटर्न सेंटीमीटरचा असला तर टेप उलटा करून सेंटीमीटरच वाचा. इंचात मोजून कॅल्क्युलेटरवर बदलत बसू नका, त्यात अर्धे आकडे इकडचे तिकडे होतात.

अंगावर कोणते कपडे ठेवून मोजायचं?

कुर्तीच्या आत जी ब्रा घालणार आहात तीच, आणि वर फार तर पातळ स्लिप. पॅडेड ब्रावर मोजून नंतर साधी घातली तर पुढे कापड लोंबतं, उलटं केलं तर दाबतं. खाली लेगिंग चालेल, जीन्स नको, खिशात काही नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी चांगली थंडी असते म्हणून स्वेटरवरूनच मोजून राहिलेल्या बाया मी पाहिल्यात, तसं करायचंच असेल तर कुर्ती दोन साइज मोठी होईल हे धरूनच चला. आणि नवतप्यात घामाने टेप अंगाला चिकटतो, सरकत नाही, पाठीमागे वाकडा राहतो आणि आपल्याला कळतही नाही. कूलरसमोर पाच मिनिटं बसा, अंग कोरडं होऊ द्या, मग मोजा.

एकटीने सगळी मापं होतात का, की कुणीतरी लागतंच?

छाती, कंबर आणि सीट, म्हणजे हिप, ही गोल मापं एकटीने नीट होतात. खरी पंचाईत शोल्डरची आहे, कारण स्वतःच्या खांद्यावर टेप धरायला हात उचलावा लागतो आणि हात उचलला की खांदाच वर सरकतो. म्हणजे मोजायला गेलं की मोजायची गोष्टच बदलते.

आता याच्यातली गंमत अशी की जे माप घ्यायला सगळ्यात अवघड तेच चुकलेलं सगळ्यात जास्त दिसतं. छातीचं माप एक इंच चुकलं तर तो इंच चार भागांत वाटला जातो, पुढचे दोन आणि मागचे दोन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव इंच. वर कुर्तीत लूजिंग, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्तीची मोकळीक, ठेवलेलं असतं, त्यात तो पाव इंच बहुतेक वेळा मुरून जातो. शोल्डर एक इंच चुकला तर तो दोनच भागांत वाटला जातो, डावा अर्धा इंच आणि उजवा अर्धा इंच, आणि शोल्डरला लूजिंग म्हणून काही नसतंच. तो अर्धा इंच सरळ बाहीच्या शिलाईत दिसतो. एवढं डोक्यात ठेवलं की कुठे चलता है करायचं आणि कुठे नाही ते आपोआप समजतं. घरात आई, बहीण, मुलगी कुणी असेल तर बाकी सगळं स्वतः करा, आणि मदत फक्त शोल्डरला घ्या.

छाती नेमकी कुठून मोजायची आणि टेप किती घट्ट?

सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप पुढून मागून जमिनीला समांतर. एकटीने करताना टेप शालीसारखा पाठीमागून घ्या, दोन्ही टोकं पुढे आणा, आणि आरशासमोर बाजू करून उभं राहून पाठीकडे बघा. पाठीवर टेप जवळजवळ नेहमीच खाली घसरलेला असतो, किंवा हात उंच धरल्यामुळे वर बगलेत चढलेला असतो. नजरेला सरळ दिसेपर्यंत सरकवा. अंदाज येत नसेल तर फोनला टायमर लावून बाजूचा एक फोटो काढा, त्यात तिरका टेप लगेच कळतो.

मग दोन्ही कोपरं खाली सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि सोडा, आणि टेप जिथे एकमेकावर येतो तिथे चिमटीत पकडा. आकडा वाचायला मान खाली घालू नका. मान खाली गेली की खांदे पुढे येतात, छाती आत जाते. आरशात बघत चिमूट घट्ट धरा, टेप अंगावरून काढा, आणि मग निवांत वाचा.

टेप अंगाला लागलेला हवा पण रुतलेला नको. आता यावरून हमखास वाद होतो, कारण बरेच टेलर टेपच्या आत दोन बोटं घालून माप घेतात आणि बघून बघून आपल्यालाही तीच सवय लागते. टेलर तसं करतो तेव्हा त्याने लूजिंग तिथेच धरलेलं असतं, तो पुढे वेगळं कमी धरतो, त्याचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. आपण बोटं घालून मोजलं आणि पुन्हा कापताना पुस्तकात बघून लूजिंगही टाकलं तर ते दोनदा पडतं. म्हणून घरी मोजताना बोट नाही. अंगाचं माप कोरडं लिहायचं, लूजिंगचं नंतर बघायचं.

वरच्या छातीचं माप कशाला? टेलर तर कधी घेत नाही.

काही घेतात, काही नजरेनेच ओळखतात. हे माप बगलेच्या अगदी खालून, छातीच्या उभाराच्या वरून जातं. याचा उपयोग असा की तुमच्या हाडांचा सांगाडा केवढा आणि पुढचा उभार केवढा हे वेगळं कळतं. दोघींची छाती ३८ असेल, पण एकीची वरची छाती ३६ आणि दुसरीची ३४ असेल तर दोघींना एकच कटिंग बसणार नाही. दुसरीने नुसत्या ३८ वर कापलं की गळा आणि खांदे मोठे होतात, गळा पुढून उघडा पडतो, आणि ती बिचारी गळाच चुकला म्हणून तो लहान करत बसते.

बाजारात मिळणारे बहुतेक विदेशी पॅटर्न दोन्ही मापांत साधारण २ इंचांचा फरक धरून बनवलेले असतात. तुमचा फरक त्याहून बराच जास्त असेल तर साइज वरच्या छातीवरून निवडा, आणि जास्तीचा घेर फक्त पुढच्या भागात, टक्सच्या जागी, म्हणजे उभारासाठी जिथे चिमटा घालून शिवतात तिथे, वाढवा.

कंबर कुठे असते? माझी तर दिसतच नाही.

कंबर म्हणजे जीन्सचं बटण नाही, सलवारचा नाडा पण नाही. सरळ उभं राहून एका बाजूला झुका, बाजूला जिथे घडी पडते ती तुमची कंबर. बहुतेक जणींची बेंबीच्या थोडी वर निघते. तिथे इलास्टिक बांधा, जरा हलाडुला, दोनदा वाका, म्हणजे ते आपोआप सगळ्यात बारीक जागी जाऊन बसतं. पोट पुढे असणाऱ्या बायकांना घडी सापडत नाही, त्यांना तर इलास्टिकशिवाय पर्यायच नाही.

इलास्टिक लगेच सोडू नका, सीटची उंची आणि कुर्तीची वरच्या भागाची लांबी त्याच्यावरूनच मोजायची आहे.

मोजताना पोट आत ओढणं बंद. आरसा समोर असला की आपोआप ओढलं जातं, मला माहितीये. श्वास सोडून झाल्यावर शरीर जसं आहे तसं मोजा. जेवणानंतर लगेच नको, रविवारी सावजी चापून आल्यावर तर अजिबातच नको. सकाळी नाश्त्याच्या आधी किंवा जेवून दोन-तीन तास झाल्यावर घ्या. पाळीच्या आधीच्या दिवसांत ज्यांचं पोट फुगतं त्यांनी ते दिवस टाळा.

सलवार आणि परकरासाठी तीच कंबर चालते का?

नाही. तिथे नाडा जिथे बांधता तिथलंच माप हवं, आणि ते बहुतेक जणींचं खऱ्या कंबरेच्या खाली असतं. वहीत दोन वेगळी नावं करा, ‘कंबर’ आणि ‘नाड्याची जागा’. साडीच्या ब्लाउजला तर या दोन्हींचं काम नाही, तिथे ब्लाउजची खालची पट्टी जिथे संपते तिथला घेर लागतो, छातीच्या खालचा.

हिप म्हणजे सीट ना? किती खाली मोजायचं?

हो, टेलर सीट म्हणतो तेच. पाय जुळवून उभ्या राहा, पाय फाकवले की घेर बदलतो. आरशासमोर बाजू करून उभ्या राहा आणि मागचा भाग सगळ्यात बाहेर कुठे येतो ते बघा. तिथून टेप फिरवा, मग अर्धा इंच वर-खाली सरकवून पाहा, सगळ्यात मोठा आकडा येतो ती तुमची सीट. बऱ्याच जणींची कंबरेपासून ७ ते ९ इंच खाली असते, पण हा आकडा पाठ करून तिथेच मोजू नका, उंचीप्रमाणे बदलतो. इलास्टिकपासून टेपपर्यंत बाजूने किती अंतर आहे तेपण लिहून ठेवा.

कुर्तीला हे अंतर का लागतं, तर साइडचा कट कुठून सुरू करायचा ते त्याच्यावर ठरतं. कटच्या वरच्या टोकाशी कापड कमी पडलं की चालताना कट मागे-पुढे फाकतो आणि बसलं की तिथलीच शिलाई उसवते. बाया म्हणतात कापड खराब होतं. कापड ठीक असतं, सीटचं माप उंच जागी घेतलेलं असतं.

ज्यांचं पोट सीटपेक्षा पुढे येतं त्यांनी टेप पोटावर रुतू देऊ नका. समोर पोटाला एखादा पुठ्ठा उभा टेकवा, तो खाली सीटच्या उंचीपर्यंत आला पाहिजे, आणि टेप त्याच्या बाहेरून घ्या. मग वरून येणारं कापड मोकळं पडतं.

शोल्डर लेंथ आणि शोल्डर एकच का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. पूर्ण शोल्डर म्हणजे पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत, काही टेलर त्याला तीरा म्हणतात. शोल्डर लेंथ म्हणजे एकाच बाजूचं, मान जिथे खांद्याला मिळते तिथून खांद्याच्या हाडापर्यंत. पहिलं साधारण १४-१५ च्या घरात येतं, दुसरं बहुतेक जणींचं साडेचार ते सव्वापाच. मोठ्या गळ्याचा ब्लाउज असला की टेलर शोल्डरची पट्टी दोन-अडीच इंच ठेवतो, ती शिवलेल्या कपड्याची पट्टी आहे, तुमच्या अंगाची शोल्डर लेंथ नाही. त्या दोन्हींची सरमिसळ करू नका.

खांद्याचं टोक कसं शोधू? माझा खांदा गोल आहे, हाड कुठे संपतं कळत नाही.

आरशासमोर उभ्या राहा आणि एक हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. खांद्याच्या टोकाशी एक छोटा खळगा पडतो. तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवा, हात हळूहळू खाली आणा, बोट हलू देऊ नका. हात खाली आल्यावर बोटाच्या खाली हाडाची कड लागते आणि तिच्या बाहेर लगेच मऊ दंड सुरू होतो. त्या कडेवर टिकली लावा. दुसऱ्या बाजूलाही तेच. टिकली कशाला, तर पेनची खूण घामात जाते आणि टिकली पाठीमागून काढलेल्या फोटोत पण दिसते.

आता मानेकडचं टोक. बारीक साखळी किंवा दोरा गळ्याच्या बुडाशी बसेल असा बांधा, मान पुढे झुकवली की मागे जे मोठं हाड वर येतं त्याच्यावरून तो गेला पाहिजे. मंगळसूत्र नको, ते पुढे ओघळतं. कानाच्या खाली, खांद्याच्या वरच्या कडेला साखळी जिथे खांदा ओलांडते, तिथे दुसरी टिकली. म्हणजे एका बाजूला दोन, एकूण चार टिकल्या. हसू येईल, येऊ द्या.

आता एकटीने मोजायचं कसं?

शोल्डर लेंथ आधी. डाव्या खांद्यासाठी डावा हात पूर्ण खाली लोंबता सोडा, सगळं काम उजव्या हाताने. टेपचं टोक मानेकडच्या टिकलीवर सेलोटेपच्या तुकड्याने चिकटवा, टेप खांद्यावरून बाहेर सोडा, खांद्याच्या टिकलीवर अंगठ्याने दाबा. आकडा बघायला मान वळवू नका, आरशात बघा किंवा नखाने टेप तिथेच धरून काढून वाचा. आरशात आकडे उलटे दिसतात म्हणून नखवाली पद्धत मला बरी वाटते.

पूर्ण शोल्डरला टेपचं टोक एका खांद्याच्या टिकलीवर सेलोटेपने चिकटवा, टेप पाठीमागून, साखळीच्या जरा खालून, दुसऱ्या खांद्यावर आणून तिथेही चिकटवा. आता दोन्ही हात खाली सोडा. चिकटवताना खांदा वर गेलेला असतो, त्यामुळे हात सोडल्यावर टेप ढिला पडतो किंवा ताणतो, मग पुन्हा थोडा सरकवून चिकटवा, हात खाली असताना टेप सपाट राहील असा. टायमर लावून पाठीचा फोटो काढा. फोटोत दोन्ही टिकल्या, सपाट टेप आणि खाली सोडलेले हात दिसले की माप बरोबर.

बरोबर आलं की नाही हे कसं ताडून बघू?

दोन्ही मापं एकमेकांशी जुळतात का बघा. पाठीच्या त्याच फोटोसारखा अजून एक फोटो काढा, पण या वेळी मानेकडच्या दोन टिकल्यांमधलं सरळ आडवं अंतर मोजण्यासाठी पट्टी मानेमागे धरून. समजा ते अंतर ५ इंच आलं आणि शोल्डर लेंथ ४¾. वरवर पाहिलं तर ४¾ अधिक ५ अधिक ४¾, म्हणजे १४½. पण खांदा उतरता असतो, उतारावरून मोजलेली लांबी आडव्या अंतरापेक्षा नेहमी थोडी जास्त भरते. उतार दीड इंचाच्या आसपास असेल तर ४¾ ची आडवी लांबी साडेचारच होते, म्हणजे पूर्ण शोल्डर १४ च्या जवळ यायला हवा. १४ किंवा सव्वाचौदा आला तर निश्चिंत राहा. १५½ आला तर टेप हाडाच्या पुढे दंडावर गेलाय. १३ आला तर टिकल्या आत लागल्यात किंवा तुम्ही खांदे मागे ओढून ताठ उभ्या होत्या.

माझा एक खांदा उतरलेला आहे, मग कोणतं माप धरू?

रोज एकाच खांद्यावर जड पर्स वागवणाऱ्या कितीतरी जणींचा असतो. दोन्ही बाजूंची शोल्डर लेंथ वेगळी लिहा. बहुतेक वेळा लांबी सारखीच निघते, फक्त उंचीत फरक असतो. मग कटिंग उंच खांद्यावर करा, आणि ट्रायलच्या वेळी उतरत्या बाजूची खांद्याची शिलाई बाहेरच्या टोकाला जरा खाली घ्या. उतरत्यावर कापलं तर उंच बाजूला कापड कमी पडतं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

एखादं खरं उदाहरण द्या ना, आकड्यांसकट.

धरमपेठेतल्या माझ्या एका मैत्रिणीने स्वतः घेतलेली मापं फोनवर पाठवली: छाती ३७½, कंबर ३३, सीट ३८, शोल्डर १५½. आकडे बघूनच शंका आली, कारण छाती आणि सीट जवळजवळ सारखी आणि ती तशी नाहीये, खाली भरलेली आहे. घरी बोलावलं, टिकल्या-साखळी लावून परत घेतलं. छाती ३६, कंबर ३१, सीट ४०, शोल्डर १४, शोल्डर लेंथ ४¾, कंबरेपासून सीट ८ इंच खाली.

फरक कशाने पडला ते एकेक विचारून काढलं. छाती तिने जाड खादीच्या कुर्तीवरून मोजली होती आणि आत एक बोट होतं, त्याने दीड इंच वाढलं. कंबर म्हणून नाड्याची जागा धरली. सीट कंबरेखाली नाही तर बेंबीखाली चार बोटं मोजून धरली, म्हणजे खऱ्या सीटच्या बरंच वर, तिथे घेर लहान असणारच. आणि शोल्डरला टेप दोन्हीकडे दंडाच्या गोलाईवर पाऊण पाऊण इंच गेला होता.

तिच्या मापाने कुर्ती कापली असती तर काय झालं असतं बघा. छातीला ३ इंच लूजिंग धरलं तर कुर्ती ४०½ ची, खऱ्या छातीवर साडेचार इंच मोकळी. जरा ढगळ, पण घालता आली असती, साइडने दाबून नीटपण झाली असती. सीटला ३ इंच धरून कुर्ती ४१ ची, आणि अंग ४० चं, म्हणजे हातात फक्त एक इंच, कट हमखास फाकणार. शोल्डरची शिलाई दोन्हीकडे हाडाच्या खाली पाऊण इंच लोंबणार, हात वर केला की सगळी कुर्ती वर चढणार, बगलेशी चुण्या पडणार. आणि ते नीट करायला बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल भाग, नव्याने कापावा लागतो. त्यापेक्षा नवीन शिवणं सोपं.

खऱ्या मापाने छाती ३६ अधिक ३, झाले ३९, चौथा भाग ९¾, त्यात दाब, म्हणजे शिलाईच्या आत जाणारं कापड, वेगळा. सीट ४० अधिक ३, झाले ४३, चौथा भाग १०¾ आणि दाब. शोल्डर १४ चे अर्धे ७, लूजिंग काहीच नाही, फक्त दाब.

लूजिंग सगळ्यांनी ३ इंचच धरायचं का?

नाही, न ताणणाऱ्या सुती कापडाच्या साध्या कुर्तीला मी ३ ते ४ धरते. साडीच्या ब्लाउजला एक-दीड इंच खूप झालं. होजियरीसारख्या ताणणाऱ्या कापडाला त्याहून कमी, कधी शून्य. वहीत मात्र अंगाचं माप आणि कपड्याचं माप या दोन वेगळ्या रांगा ठेवा, कारण महिनाभराने ‘३९’ बघून तुम्हालाच आठवणार नाही ते अंगाचं होतं की कुर्तीचं. आणि सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्या, गांधीबागेतून आणलेलं कोरं कापड तसंच कापलं तर पहिल्या धुण्यात आवळतं आणि दोष मापाला लागतो.

चांगल्या बसणाऱ्या जुन्या ब्लाउजवरूनच माप घेतलं तर?

घ्या, पण ते शिवलेल्या कपड्याचं माप आहे, लूजिंग त्यात आधीच आलंय, त्याच्यावर अजून टाकायचं नाही. शोल्डर ताडून बघायला मात्र जुना कपडा फार कामाचा. बाहीची शिलाई हाडावर बरोबर बसते असा एखादा शर्ट किंवा कुर्ती टेबलावर सपाट पसरा आणि पाठीमागून एका बाहीच्या शिलाईपासून दुसरीपर्यंत मोजा. टिकल्यांच्या मापाशी अर्ध्या इंचाच्या आत जुळलं पाहिजे.

रेडीमेडमध्ये मी एल घालते, मग छाती ४० लिहू का?

अजिबात नाही. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीचा एम असतो. आपल्याकडच्या शरीरांची मापं धरून भारतीय साइज ठरवायला निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने इंडियासाइज नावाचा प्रकल्प हाती घेतला, त्यात थ्रीडी स्कॅनरने लोकांची मापं घेतली, पण आज दुकानातलं लेबल बघून तुमची छाती सांगता येत नाही.

किती वेळा मोजू? दरवेळी वेगळं येतं.

प्रत्येक माप तीनदा, दरवेळी टेप पूर्ण काढून. गोल मापांत पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होणारच, मधला आकडा धरा. एक इंच फरक आला तर मधला धरू नका, टेप कुठेतरी तिरका आहे, फोटो काढून शोधा. शोल्डरला पाव इंचाच्या आत आलं पाहिजे, नाहीतर टिकल्या पुन्हा लावा.

टेलरदादाला व्हॉट्सॲपवर मापं पाठवायची तर कशी लिहू?

सगळ्यात वर लिहा ‘अंगाची मापं, लूजिंग धरलेलं नाही’. शोल्डर लिहिताना ‘पूर्ण, हाड ते हाड’ असं स्पष्ट लिहा. सोबत पाठीचा टिकलीवाला फोटो पाठवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी शर्ट सपाट पसरून त्याच्यावर टेप ठेवलेला फोटो पाठवते, तेवढ्याने काम होतं.

मापं बरोबर असूनही भारी कापडाला कात्री लावायची भीती वाटते.

मग लावू नका. मांजरपाट किंवा जुनी सुती चादर घ्या, वरचा भाग सीटपर्यंत फक्त कच्च्या टाक्यांनी शिवा, बाही नको, गळा साधा. अंगात घालून आधी शोल्डरची शिलाई हाडाच्या टिकलीवर येते का बघा, ते बसलं तरच पुढे छाती-कंबर बघायची. शोल्डर लोंबलेला असताना छातीच्या चुण्या तपासण्यात अर्थ नाही, त्यातल्या अर्ध्या खांदा नीट केल्यावर आपोआप जातात.

ही मापं किती दिवस चालतात?

शोल्डर मोठ्या माणसाचा वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही, त्यामुळे एकदा नीट घेतलेला जपून ठेवा. छाती-कंबर-सीट मी प्रत्येक नवीन कपड्याआधी पटकन घेते. गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, वजनात मोठा फरक, यात जुना आकडा वापरूच नका. आणि वाढत्या वयाच्या मुलीचं असेल तर शोल्डरसकट सगळंच दरवेळी नव्याने घ्या.